प्रोजेक्ट रिपोर्टातलं स्वॉटचं पान अण्णांनी फाडलं. आता खरं कसं लिहायचं?

दुसरी_पाळी (सोमवार, रात्री १०.४०)

नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे १२ यंत्रमाग आहेत. अण्णा (वडील) तीस वर्षं बघतायत, मी दोन वर्षांपासून हिशेब आणि ऑर्डरी सांभाळते. आता चार सेकंडहँड रेपियर माग घ्यायचे म्हणून ३५ लाखांच्या कर्जाची तयारी चालू आहे. सात वर्षं, ११ टक्के धरले तर महिन्याला साठ हजारांच्या आसपास हप्ता बसतो.

प्रोजेक्ट रिपोर्ट एका ऑफिसातून करून घेतला. त्यात स्वॉटचं एक पान आहे, ते असं:

बलस्थानं: उत्तम दर्जा, अनुभवी मालक, कुशल कामगार, सोलापूरचं नाव आणि जीआय मानांकन.
उणिवा: भांडवलाची कमतरता, जुनी यंत्रं.
संधी: ऑनलाइन विक्री, निर्यात, सरकारी योजना.
धोके: स्पर्धा, सुताचे वाढते भाव, मंदी.

अण्णांनी वाचलं आणि पान टर्रकन फाडलं. म्हणाले, "हे शेजारच्या गाळ्यातल्याच्या नावावर लाव, त्यालाही बसतंय." खरंच बसतं. मी ते ऑफिसातून मिळालेल्या दुसऱ्या एका रिपोर्टाशी ताडून पाहिलं. तो पिठाच्या गिरणीचा होता. "कुशल कामगार" त्यातही होते.

बँकेपुरतं दुसरं पान छापून मिळेल. पण माग घ्यावेत की नाही, हे ज्यावरून ठरेल असं पान मला घरासाठी हवंय. कसं लिहायचं? कोणी खरंच लिहिलंय का?

---

एमबीए_दुसरं_वर्ष (सोमवार, रात्री ११.१५)

ताई, स्वॉट हे १९६० च्या दशकात स्टॅनफर्डच्या अल्बर्ट हम्फ्रे यांनी शोधलं. प्रत्येक चौकटीत किमान पाच ते सात मुद्दे हवेत, नाहीतर विश्लेषण अपुरं राहतं. मग प्रत्येक मुद्द्याला महत्त्वाप्रमाणे वजन द्यायचं, १ ते ५ गुण द्यायचे, गुणाकार करून बेरीज. बलस्थानं आणि संधींची बेरीज जास्त आली तर प्रकल्प करायचा. माझ्याकडे एक्सेल तयार आहे, हवं तर पाठवतो.

---

होटगी_रोड (सोमवार, रात्री ११.३२)

लै कागद रंगवून कुणाचे माग चाललेत ओ? सूत स्वस्तात घ्या, माल वेळेत द्या. स्वॉट बिट काय नसतंय.

---

तानाबाना (मंगळवार, सकाळी ७.०५)

मी एका मिलमध्ये कॉस्टिंगला होतो, नंतर पंधरा-सोळा वर्षं छोट्या युनिटांचे हिशेब बघितले. होटगी_रोड यांचं निम्मं पटतं. असली पानं मीही ढीगभर बघितलीत आणि त्यातली बहुतेक कुणी पुन्हा उघडलेली नाहीत. हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. हिल आणि वेस्टब्रुक या दोन अभ्यासकांनी ब्रिटनमधल्या वीस कंपन्यांची स्वॉट तपासली, १९९७ मध्ये त्यावर लेख छापला. लांबलचक याद्या, मोघम शब्द, आणि पुढे डावपेच ठरवताना त्या याद्या एकानेही वापरल्या नव्हत्या. तेव्हा एमबीए भाऊ, पाच-सात मुद्द्यांचा आग्रह सोडा. हम्फ्रेंचं नाव घेतलं जातं खरं, पण उगम नेमका कुणाचा यावर वाद आहे. त्यात पडायचं कारण नाही.

गुणांच्या बेरजेबद्दल सांगतो. "सोलापूरचं नाव" याला ४ द्यायचे की ५, हे तुम्हीच ठरवणार. माग घ्यायचे मनात असतील तर ५ द्याल. म्हणजे उत्तर आधी, गुण नंतर.

ताई, पानाच्या डोक्यावर आधी प्रश्न लिहा. "आमच्या कारखान्याचं स्वॉट" असं नको. लिहा: "येत्या मार्चपर्यंत ३५ लाख काढून चार माग घ्यावेत का?" मग ज्या ओळीने या उत्तरात काही फरक पडत नाही, ती ओळ पानावर येतच नाही. "मंदी" येत नाही, "अनुभवी मालक" येत नाही.

उरलेल्या ओळींना एक-एक चाळणी लावायची. बलस्थान असेल तर विचारायचं, शेजारच्या गाळ्यातला हेच लिहू शकतो का? अण्णांनी ती चाळणी आधीच लावलीय, त्यांना माझा नमस्कार सांगा. जीआयचंच उदाहरण घ्या. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोघांनाही जीआय आहे, पण ते आख्ख्या सोलापूरचं आहे. सुरतेच्या किंवा पानिपतच्या मालापुढे ते बळ असेल, शेजाऱ्यापुढे नाही. शिवाय अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंद झालीय का? नसेल तर ते तुमच्या पानावर येऊच शकत नाही.

संधी आणि धोक्याची चाळणी वेगळी. उद्या तुम्ही कारखान्याला कुलूप लावलंत तरी ती गोष्ट बाजारात राहील का? राहिली तर ती बाहेरची. "ऑनलाइन विक्री" तुम्ही कुलूप लावलंत की संपली. म्हणजे ती संधी नाही, ते तुमच्या मनातलं काम आहे. कामं संधीच्या चौकटीत घातली की ती करायची ठरलीच असं वाटू लागतं, आणि इथेच बहुतेकांची गाडी घसरते.

आणि प्रत्येक ओळीपुढे पुरावा कुठला ते लिहा. वही, रजिस्टर, बिल, फोन. पुरावा नसेल तर ओळीपुढे प्रश्नचिन्ह करा. पानावर चार प्रश्नचिन्हं दिसली तर लाजू नका.

घरी जाऊन तीन गोष्टी काढा. मागांचं रजिस्टर, गेल्या वर्षातल्या नाकारलेल्या ऑर्डरी, आणि मोठ्या गिऱ्हाइकाचे पैसे किती दिवसांनी येतात ते. मग बोलू.

---

यूपीएससी_परत (मंगळवार, सकाळी ९.२०)

खूप उपयुक्त धागा. मलाही मुलाखतीत तुमचा स्वॉट सांगा असं विचारलं होतं. उणीव म्हणून "मी परफेक्शनिस्ट आहे" सांगितलं तर चालतं का?

---

कडक_भाकरी (मंगळवार, सकाळी ९.४१)

अहो दादा, इथं माग घ्यायचा का विचारतायत, तुमची मुलाखत नाही. (आणि ते उत्तर देऊ नका, समोरचा रोज दहा वेळा ऐकतो.)

दुसरी_पाळी, माझा अनुभव सांगते. माझा शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा धंदा, घरातून. बचत गटाच्या प्रशिक्षणात आमच्याकडून हे चार खाने भरून घेतले होते. मी बलस्थानात "घरगुती चव" लिहिलं. शेजारी बसलेल्या अकराजणींनीही तेच लिहिलं होतं. मॅडमनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि चहा दिला.

नंतर एकदा सहज माझ्या कायमच्या गिऱ्हाइकाला विचारलं, दादा तुम्ही माझ्याकडूनच का नेता? चव म्हणेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "तुमची भाकरी पुण्यापर्यंत तुटत नाही." मी पुठ्ठ्याच्या डब्यात तळाला आणि वर कागदाची चळत घालते, तेवढंच. ते मी कधी कुठं लिहिलंच नव्हतं. तेव्हापासून भाकरीचे नवे प्रकार काढायचे सोडून डब्याकडे लक्ष दिलं. तुम्हीपण एखाद्या गिऱ्हाइकाला फोन करून विचारा. स्वतःचं बळ स्वतःला दिसत नाही ओ.

---

दुसरी_पाळी (गुरुवार, रात्री ११.५०)

तीन रात्री रजिस्टरं काढून बसले. अण्णा आधी चिडले, नंतर स्वतःच चष्मा घेऊन शेजारी बसले.

आधी माग. १२ माग, दोन पाळ्या, महिन्याला २६ दिवस, तीन महिने. म्हणजे १,८७२ पाळ्या चालायला हव्या होत्या. त्यातल्या ४३१ बंद. २३ टक्के. मागांची देखरेख करणारा जॉबर रजिस्टरात कारण लिहितो, ते मोजलं: सूत नाही १९०, कामगार नाही १२८, बीम बदल आणि सांधणी ६१, दुरुस्ती ५२.

म्हणजे तीन महिने जवळजवळ पावणेतीन माग आमचेच उभे होते. आणि आम्ही चार आणायला निघालोय. हे वाचून अण्णा काहीच बोलले नाहीत, उठून पाणी प्यायले.

नाकारलेल्या ऑर्डरींची वही नाही. मग व्हॉट्सॲपवर "नाही जमणार" आणि "सॉरी" असं शोधलं. वर्षात १४ चौकश्या सापडल्या, ५ गेल्या. तीन भावावरून, एक आम्हाला उशीर होणार होता म्हणून, एक मोठ्या पन्ह्याचा बाथ टॉवेल हवा होता म्हणून. नव्या मागांनी वाचली असती ती फक्त शेवटची.

आता गिऱ्हाईक. महिन्याची विक्री साधारण १८ लाख, त्यातले १२ लाख एकाच व्यापाऱ्याला. त्यांची वर्षाची सगळी बिलं काढली. सरासरी ९६ दिवसांनी पैसे. काही बिलं १३० दिवसांपर्यंत गेलीत. हिशेब केला तर त्यांच्याकडे कायम ३८ लाखांच्या आसपास अडकलेले असतात.

मी हा आकडा परत परत केला. ज्या ३५ लाखांसाठी बँकेत चाललोय, त्याहून जास्त एका माणसाकडे आहेत.

---

कर्जखातं (शुक्रवार, सकाळी ८.३०)

मी निवृत्त शाखाधिकारी. दोन गोष्टी सांगतो.

फाईलमधलं स्वॉटचं पान आम्ही वाचत नव्हतो. असलं पाहिजे म्हणून असायचं. वाचायचो येण्यांची यादी. त्यामुळे त्या पानावर फार जीव जाळू नका. पण बँकेसाठीचं पान आणि घरचं पान यांतले आकडे एकच ठेवा.

दुसरं, तुमची कॅश क्रेडिट असेल तर गेल्या महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट काढा. ९० दिवसांपुढची येणी आम्ही साधारणपणे उचल मर्यादेत धरत नाही. म्हणजे व्यापाऱ्याने उशीर केला की तुमचा पैसा तर अडकतोच, वर बँकेतून काढता येणारी रक्कमही घटते. सूत घ्यायला पैसे का नव्हते, याचं उत्तर तिथे सापडेल असं मला वाटतं.

---

दुसरी_पाळी (शुक्रवार, दुपारी २.१०)

साहेब, सापडलं. ७ लाख ४० हजार वगळलेत. मी दर महिन्याला ते स्टेटमेंट स्वतः भरते, त्या रकान्याकडे कधी बघितलंच नाही.

आणि सूत उधारीवर घेतलं की सूतवाला किलोमागे ४ रुपये जास्त लावतो. महिन्याला सहा टन सूत लागतं. गेल्या तीन महिन्यांत निम्मं उधारीवरच घेतलंय. तेही संपलं की तो म्हणतो आधीचे द्या. मग माग उभे.

---

तानाबाना (शुक्रवार, रात्री ९.००)

आता तुमचं पान आपोआप लिहून झालंय, बघा.

रिपोर्टात "भांडवलाची कमतरता" आणि "जुनी यंत्रं" अशा दोन सुट्या ओळी होत्या. खऱ्या पानावर ती एक साखळी आहे. पैसे ९६ दिवसांनी येतात, त्यामुळे उचल मर्यादा घटते, त्यामुळे सूत रोखीने येत नाही, त्यामुळे १९० पाळ्या बुडतात. उणीव लिहिताना "का?" विचारत खाली उतरायचं आणि जिथे तुमच्या हातात काही करण्यासारखं लागेल तिथे थांबायचं. "भांडवल नाही" यावर कर्ज हेच एक उत्तर सुचतं. "९६ दिवस" म्हटलं की दुसरी उत्तरं दिसायला लागतात.

३८ लाखांबद्दल एक सांगायला हवं. ती रक्कम विक्रीच्या भावाने आहे, त्यात तुमचा नफाही धरलाय. खिशातून गेलेला पैसा थोडा कमी. आणि ते शून्यावर येणार नाहीत, उधारी या धंद्यात राहणारच. पण ९६ चे ४५ दिवस झाले तर अडकलेले १८ लाखांवर येतात. २० लाख मोकळे, आणि ११ टक्क्यांनी वर्षाचं सव्वादोन लाख व्याज वाचलं. नवा हप्ताही नाही.

बळाचं काय? फोन केलात का कुणाला?

---

दुसरी_पाळी (शुक्रवार, रात्री १०.२५)

केला. पुण्याकडचे एक आहेत, छोट्या दवाखान्यांना कापड पुरवतात. चौदा महिन्यांत पाच वेळा माल नेला, एकदाही भावावर घासाघीस नाही. मला वाटायचं आमचा दर्जा आवडतो. ते म्हणाले, "दर्जा ठीक आहे तुमचा. पण बाकीचे हजार डझनाखाली बोलत नाहीत. तुम्ही शंभर डझनसुद्धा करता आणि आठव्या-नवव्या दिवशी माल येतो."

"ठीक आहे" हे जरा लागलं. मग दर्जाचाही पुरावा शोधला. वर्षात दोन परतीचे माल, दोन्ही गडद लाल, रंग सुटतो म्हणून. गोदामातला एक टॉवेल ओला करून पांढऱ्या फडक्याने घासला, फडकं गुलाबी. अण्णा म्हणाले डाइंगवाला शेवटची गरम साबणाची धुलाई उरकतो, न चिकटलेला रंग आतच राहतो. म्हणजे त्यांना माहीत होतं! मी विचारलं मग आधी का नाही सांगितलं, तर म्हणे, "तू विचारलं नाहीस. आणि कागदावर कोण लिहितं का असलं?"

---

एमबीए_दुसरं_वर्ष (शनिवार, सकाळी ११.००)

मग सोपं आहे ताई. तुमची उद्यम नोंदणी असेलच. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेच लागतात, नाहीतर २०२३-२४ पासून खरेदीदाराला त्या खर्चाची आयकरात त्या वर्षी वजावट मिळत नाही. ४३ बी (एच). व्यापाऱ्याला नोटीस पाठवा, पैसे येतील.

---

कर्जखातं (शनिवार, दुपारी १२.१५)

तरतूद बरोबर, पण ४५ दिवस लेखी करार असेल तर. लेखी काही नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. आणि पैसे दिले त्या वर्षी वजावट मिळते, कायमची जात नाही. म्हणून मार्चअखेर थोडी पळापळ होते, एरवी फारशी नाही. नोटिशीने पैसे आले तरी पुढची ऑर्डर येईल का, ते कायदा सांगत नाही.

---

नवीपेठ_घाऊक (शनिवार, दुपारी ४.५०)

मी तुमच्या त्या व्यापाऱ्याच्या बाजूचा. सगळे मिळून आम्हाला झोडपताय म्हणून लिहितो.

मीही ९० दिवसांनी देतो, कारण खालचे दुकानदार मला तसेच देतात. पण पावसाळ्यात टॉवेल कोण उचलतं ते सांगा? जुलै-ऑगस्टात मी माल उचलून गोदामात टाकतो, दिवाळीला आणि लग्नसराईला विकतो. त्या दोन महिन्यांत विणकराचे माग माझ्यावर चालतात. हे तुमच्या पानावर कुठल्या खान्यात लिहिणार? की लिहिणारच नाही?

दोन-तीन जणांनी मला ४५ दिवसांचं सांगून बघितलं. त्यांना म्हटलं बरं, मग पावसाळ्यात माल नको. झालं.

---

तानाबाना (शनिवार, सायंकाळी ७.३०)

हा मुद्दा राहिला होता, बरं झालं आलात. "एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून" ही ओळ मी नेहमी उणिवेत टाकतो आणि पुढे जातो. घाऊक साहेब म्हणतात त्याप्रमाणे ती दोन ओळींची गोष्ट आहे. मंद महिन्यांत माल उचलला जातो हा खरा आधार, आणि बाकीच्या महिन्यांतही त्याच आधाराची किंमत दिली जाते ही खरी उणीव. एका माणसाबद्दल दोन उलट ओळी असू द्या की पानावर, खोडू नका. त्यातूनच बोलणी सुचतील. जून ते ऑगस्टच्या मालाला ९० दिवस, बाकी मालाला ४५. साहेब, तुम्हाला असं कुणी विचारलं तर?

---

नवीपेठ_घाऊक (शनिवार, रात्री ८.१०)

विचार करीन. ६० म्हणाले तर लगेच.

---

होटगी_रोड (रविवार, सकाळी १०.०५)

समदं खरं. पण एक सांगू का. त्या १२८ पाळ्या कामगार नाही म्हणून गेल्या, त्या सूत आल्यावर येणार का? पोरं मागावर येत नाहीत आता. माझ्याकडं सगळ्यात तरणा विणकर ४६ चा हाय. रेपियरवर एक माणूस जास्त माग बघतो. आज पैशापायी थांबाल आणि चार वर्षांनी साध्या मागावर उभं राहायला माणूसच नसंल, तेव्हा काय करणार?

---

तानाबाना (रविवार, दुपारी १.२०)

याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही, आणि ही या धाग्यातली सगळ्यात अवघड ओळ आहे. सूत नसणं ही ताईंच्या हातातली उणीव. विणकर न मिळणं हा बाहेरचा धोका, कुलूप लावलं तरी गावात राहणारा. त्या धोक्यासाठी माग घ्यावे लागतीलही. पण मग कर्जाचं कारण बदलतं. "उत्पादन वाढवायला" चार नवे माग जोडायचे नाहीत, "कमी माणसांत तेवढंच उत्पादन काढायला" जुने काढून नवे बसवायचे. त्याचा रिपोर्टच वेगळा होईल, जुने माग भंगारात किती जातात तेही त्यात येईल.

म्हणून पानाच्या शेवटी नुसतं "घ्यायचे / नाही घ्यायचे" लिहू नका. कुठला आकडा दिसला की निर्णय फिरवायचा, तो आकडा आणि तारीख आजच लिहून ठेवा. नंतर लिहायला बसलात तर आकडा मनासारखा लिहाल.

---

दुसरी_पाळी (बुधवार, रात्री ११.३०)

काल जेवणानंतर अण्णा, जॉबर काका आणि मी बसलो. आधी तिघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहिलं, मग एकत्र ठेवलं. अण्णांसमोर जॉबर काका तोंडाने कधीच बोलले नसते, पण कागदावर त्यांनी लिहिलं होतं, "सूत येणार का हे आदल्या रात्रीपर्यंत कळत नाही, म्हणून कामगार दुसरीकडे जातो." म्हणजे त्या १२८ पैकी काही पाळ्या सुतामुळेच गेलेल्या असू शकतात. होटगी_रोड दादा, सगळ्या नाही, हे मान्य.

पान अर्धंच भरलं. जसंच्या तसं टाकते:

प्रश्न: मार्चपर्यंत ३५ लाख काढून चार माग जोडायचे का?
बळ: शंभर डझनाची ऑर्डर आठ-नऊ दिवसांत (पुण्याचा फोन, पाच बिलं). पावसाळ्यात माल उचलणारा व्यापारी.
उणीव: १२ लाखांची विक्री ९६ दिवसांच्या उधारीवर, त्यातून १९० पाळ्या बंद. गडद रंग सुटतो.
संधी: छोटे दवाखाने-लॉज कमी डझनाचा माल मागतात (पुरावा एकच माणूस, म्हणून प्रश्नचिन्ह).
धोका: विणकर मिळत नाहीत.

ठरलं ते असं. कर्जाची फाईल थांबवली. व्यापाऱ्याकडे अण्णा स्वतः जाणार, पावसाळ्याचं ९० आणि एरवीचं ६० मागणार. नोटीस नाही. बावीस वर्षांचे संबंध आहेत, माझ्या ताईच्या लग्नात त्यांनी न मागता पैसे दिले होते. एमबीए भाऊ, हे कुठल्या खान्यात घालायचं ते मला माहीत नाही. गडद लाल माल पांढऱ्या फडक्याची चाचणी झाल्याशिवाय डाइंगवाल्याकडून घ्यायचा नाही. आणि मी दर महिन्याला पुण्यासारखी दोन नवी गिऱ्हाइकं गाठायची, तीन महिने.

फिरवायचा आकडा: ३१ मार्चला मागचे तीन महिने मोजायचे. सुतापायी बंद पाळ्या ६० च्या खाली आल्या आणि तरीही कामगारांपायी १०० च्या वर राहिल्या, तर रेपियरची फाईल परत उघडायची, पण जुने काढून नवे बसवायची. कागद अण्णांनी देवघराशेजारच्या कॅलेंडरला टाचणीने लावलाय.

अण्णांचं एक म्हणणं अजून आहे. शंभर डझनाच्या ऑर्डरीत बीम सारखं बदलावं लागतं, टॉवेलला तर तळाचं आणि पाइलचं अशी दोन बीमं, त्यात पाळी जाते आणि नफा राहत नाही. ते म्हणतात हे बळ नाही, हौस आहे.

---

तानाबाना (गुरुवार, सकाळी ६.५०)

अण्णांचं म्हणणं खरं असू शकतं. ६१ पाळ्या बीम बदलात गेल्यात, त्यातल्या छोट्या ऑर्डरींच्या किती? पुण्याच्या पाच बिलांना त्या पाळ्यांचा खर्च लावून डझनामागे काय उरतं ते काढलंय का?

---

दुसरी_पाळी (गुरुवार, सकाळी ७.१५)

नाही काढलं. रजिस्टरात बीम बदल कुठल्या ऑर्डरीचा ते लिहिलेलंच नसतं. आजपासून जॉबर काकांना एक रकाना वाढवून देते. तोवर त्या ओळीपुढेही प्रश्नचिन्ह.

---

कडक_भाकरी (गुरुवार, सकाळी ९.००)

दवाखान्यांबरोबर मंगल कार्यालयांनाही विचारा. हात पुसायचे छोटे नॅपकिन आमच्या ओळखीचे एक जण दर सीझनला शोधत असतात. नंबर व्यनि करते.